टर्शरी ब्रोमाइड + सोडियम इथॉक्साइड: मीठ वजनाला बरोबर, ईथर मात्र गायब. कुठे चुकलं?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी टीवाय बीएस्सीला आहे, जळगाव जिल्ह्यात. छोट्या प्रोजेक्टसाठी इथिल टर्ट-ब्युटिल ईथर करायला घेतलं. बारावीत शिकवतात तीच विल्यमसनची पद्धत, अल्कॉक्साइड आणि अल्काइल हॅलाइड एकत्र करायचं.

केलं ते असं. ६० मिली अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये २.३ ग्रॅम सोडियम बारीक तुकडे करून, थोडं थोडं टाकत विरघळवलं. सगळं थंड झाल्यावर टर्ट-ब्युटिल ब्रोमाइड १३.७ ग्रॅम थेंबथेंब सोडलं. दोन्ही ०.१ मोल. वर कंडेन्सर, त्याच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराइडची नळी. वॉटर बाथ ५०-५५ अंशांवर तासभर.

पाचेक मिनिटांत पांढरा साका पडायला लागला. मला वाटलं, जमलं! नंतर डिस्टिल केलं. ४५ मिली पारदर्शक द्रव आला, ७७-७८ अंशांना. ईथरचा उत्कलनबिंदू ७३, म्हटलं आमचा थर्मामीटर जुना आहे, चार-पाच अंश इकडेतिकडे होणारच. फ्लास्कमध्ये राहिलेलं मीठ वाळवून तोललं तर ९.८ ग्रॅम. NaBr चं हिशोबाने १०.३ यायला हवं. म्हणजे रिअ‍ॅक्शन जवळजवळ पूर्ण.

सरांनी तो द्रव सेपरेटिंग फनेलमध्ये घेतला, पाणी ओतलं, हलवलं. सगळं एकजीव. थर नाहीच. "हे ईथर नाही, बाई," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या बॅचकडे गेले. मीठ बरोबर आलं, मग ईथर गेलं कुठे?

नाना_धुळेकर
अगं, सोपं आहे. ३५ वर्षं क्लास घेतले, हा प्रश्न दरवर्षी यायचा. टर्शरी हॅलाइडचा कार्बोकॅटायन फार स्थिर असतो. ब्रोमाइड आपोआप सुटतं, कॅटायन तयार होतो आणि तो हायड्रोजन टाकून अल्कीन होतो. म्हणून टर्शरीला अल्कीन, प्रायमरीला ईथर. लिहून दे, दोन मार्क पक्के.

रावेरचा_केळीवाला
काय भो, मी तं केळीवाला माणूस. धाग्यात अल्कीन दिसलं म्हणून थांबलो. आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात तो इथिलीन गॅस अल्कीनच ना? मग ताईच्या फ्लास्कमधून निघालेल्या गॅसवर केळी पिकतील का? सिलिंडर महाग पडतो म्हणून विचारलं.

गिरणाकाठ
भाऊ 😄 माझ्या फ्लास्कमधून गॅस निघाला असं मी कुठे म्हटलं? पण आता आठवतंय, बुडबुडे येत होते खरे. मी समजले इथेनॉल उकळतंय.

अमळनेरी
केळीवाल्या भाऊंनी चुकून दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं.

ताई, बाथ ५०-५५ अंशांवर होता. इथेनॉल ७८ ला उकळतं. मग ५५ ला बुडबुडे कशाचे? आयसोब्युटीनचे. ते उणे ७ अंशांनाच उकळतं. एप्रिलात आपल्याकडे नळाचं पाणीच ३० च्या वर असतं, त्या पाण्यावर चालणारा कंडेन्सर त्याला काय अडवणार! वरच्या नळीतून सरळ निघून गेलं. ०.१ मोल म्हणजे ५.६ ग्रॅम, पण गॅस म्हणून मोजलं तर जवळपास अडीच लिटर. तुमचं "ईथर" खोलीभर पसरलं. आसपास बर्नर नव्हता ना पेटलेला? ते चांगलंच पेट घेतं.

आता मिठाचं. ईथर झालं तरी ब्रोमाइड सुटतं, अल्कीन झालं तरी सुटतं. दोन्हीकडे NaBr तेवढंच, १०.३. म्हणून साका पडला, मीठ वजनाला भरलं, यावरून ब्रोमाइड निघालं एवढंच कळतं. त्याच्या जागी काय आलं ते मीठ सांगत नाही.

तुमचा ४५ मिली द्रव तुम्हीच घातलेलं इथेनॉल होतं. म्हणून ७७-७८. थर्मामीटर बिचारा बरोबर होता.

नाना_धुळेकर
मग मी वेगळं काय सांगितलं? अल्कीनच म्हणालो ना.

अमळनेरी
नाना, उत्तर बरोबर, कारण अर्धंच. वापीला २० वर्षं प्लांटमध्ये काढली म्हणून आगाऊपणा करतो, राग मानू नका.

कॅटायनमुळे अल्कीन होत असतं तर कॅटायनला पूर्ण मोकळीक दिल्यावर अल्कीन वाढायला हवं. तर करून बघा: तेच टर्ट-ब्युटिल ब्रोमाइड नुसत्या इथेनॉलमध्ये टाका, सोडियम नको, इथॉक्साइड नको. २५ अंशांना तसंच पडू द्या. ब्रोमाइड आपसूक सुटतं, कॅटायन होतो, आणि त्याला शेजारचं इथेनॉल येऊन चिकटतं. साधारण ८० टक्के ईथर होतं, २० टक्के अल्कीन! त्याच इथेनॉलमध्ये दाबून इथॉक्साइड घाला, की ईथर तीन-चार टक्क्यांवर येतं आणि बाकी सगळं आयसोब्युटीन.

म्हणजे कॅटायनने ईथरच जास्त दिलं असतं. घात केला इथॉक्साइडने. ब्रोमाइड आपणहून सुटेपर्यंत तो थांबतच नाही. बाजूच्या मिथिलवरचा हायड्रोजन ओढतो, त्याच वेळी दुहेरी बंध तयार होतो आणि ब्रोमाइड बाहेर पडतं, सगळं एका झटक्यात. याचा पुरावा वेगात दिसतो: इथॉक्साइड दुप्पट केलं की अल्कीन होण्याचा वेग दुप्पट. कॅटायनवर अवलंबून असतं तर इथॉक्साइड किती घातलं याने फरक पडला नसता.

गिरणाकाठ
पण सर, इथॉक्साइड कार्बनवरच का जात नाही? इथिल ब्रोमाइडच्या बाबतीत तर जातो.

अमळनेरी
केळीवाल्या भाऊंच्या घडावरून सांगतो. घडाचा मधला दांडा म्हणजे ब्रोमाइड धरून बसलेला कार्बन. इथॉक्साइडला ब्रोमाइडच्या बरोबर विरुद्ध बाजूने येऊन त्या दांड्याला हात लावायचा आहे. इथिल ब्रोमाइडमध्ये मागची बाजू जवळपास उघडी, दोन हायड्रोजन आणि एकच मिथिल. तिथे ९९ टक्के ईथर होतं, अल्कीन जेमतेम एक टक्का. टर्ट-ब्युटिलला तिन्ही बाजूंनी मिथिलच्या फण्या. हात दांड्यापर्यंत पोचतच नाही. पण फण्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, हाताशी. टोकांवर नऊ हायड्रोजन. इथॉक्साइड मुळात दणकट बेस, समोर हायड्रोजन दिसला की ओढणारच.

मधला आयसोप्रोपिल ब्रोमाइड बघा: इथॉक्साइडबरोबर साधारण ८० टक्के प्रोपीन, २० टक्के ईथर. म्हणजे सेकंडरीलाच गाडी घसरलेली असते, टर्शरीला ती रुळावर चढतच नाही.

रावेरचा_केळीवाला
घड चांगला वापरला. पण माझ्या केळीचं काय?

अमळनेरी
भाऊ, नको. आयसोब्युटीन अल्कीन असलं तरी इथिलीन नव्हे. केळी पिकवायला ते इथिलीनच्या जागी चालत नाही. इथिलीन ब्रोमाइडवरून करायचं म्हणाल, तर वर सांगितलं, इथिल ब्रोमाइडचं जेमतेम एक टक्का अल्कीन होतं. चेंबरवाले जे छोटं जनरेटर वापरतात त्यात इथेनॉलच गरम कॅटॅलिस्टवरून नेऊन पाणी काढतात, तोच तुमचा सरळ रस्ता.

टीवाय_२०१६
मला एक पटत नाहीये. आमच्या बॅचने हेच केलं होतं, सेम टर्ट-ब्युटिल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड, आणि आम्हाला वर थर मिळाला होता. तीनेक मिली असेल. पाण्यावर तरंगत होता, वास गोडसर, कापरासारखा. सगळ्यांनी जर्नलमध्ये यील्डही लिहिलं. आता म्हणता ते होतच नाही?

अमळनेरी
होत नाही असं नाही म्हटलं, नगण्य होतं म्हटलं. पण तीन मिली जास्तच. तुम्ही कशात काय आणि कधी घातलं, आठवतं का नीट?

टीवाय_२०१६
आठवतंय, कारण गोंधळच झाला होता. ब्रोमाइड इथेनॉलमध्ये ओतलं, सोडियम कापायला घेतला आणि लाइट गेली. संध्याकाळचे साडेपाच. लॅब असिस्टंट म्हणाले, अंधारात सोडियम नको, उद्या या. बूच लावून रात्रभर तसंच ठेवलं. एप्रिल होता, बंद लॅबमध्ये भट्टीच. सकाळी वेगळ्या फ्लास्कमध्ये इथॉक्साइड केलं आणि त्यात ओतलं.

अमळनेरी
मिळालं उत्तर. तुमचं ईथर रात्रीच झालं होतं, सोडियम यायच्या आधी. नुसत्या इथेनॉलमध्ये, त्या उकाड्यात बारा-पंधरा तास, ब्रोमाइडचा बराचसा भाग ईथर झाला. सोबत HBr सुटलं. सकाळच्या इथॉक्साइडने आधी ते HBr मारलं आणि मग उरलेल्या ब्रोमाइडचं आयसोब्युटीन केलं. सकाळी ओतल्यावर बुडबुडे आले होते का?

टीवाय_२०१६
आले होते की. जोरात. आम्ही समजलो HBr निघतंय.

अमळनेरी
HBr बेसमध्ये कसं निघेल, दादा 🙂

टीवाय_२०१६
बरं. पण शेवटी ईथर मिळालं ना? मग अल्कॉक्साइडची कटकटच कशाला, बूच लावा आणि झोपा.

अमळनेरी
या एका ईथरपुरतं चालेल, २० टक्के अल्कीनवर पाणी सोडायची तयारी असेल तर. फक्त त्याला विल्यमसन म्हणू नका. दुसरं म्हणजे, तिथे अल्कोहोल स्वतःच द्रावक असतं, ढिगाने लागतं. महागडं अल्कोहोल असेल तर परवडत नाही.

नाना_धुळेकर
विल्यमसनवरून आठवलं, तो गृहस्थही ईथर करायला बसला नव्हता. १८५० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पोटॅशियम इथॉक्साइडवर इथिल आयोडाइड टाकून त्याला मोठं अल्कोहोल करायचं होतं. हातात आलं साधं ईथर. मग मिथिल आयोडाइड टाकून बघितलं तर एका बाजूला मिथिल, दुसऱ्या बाजूला इथिल असं मिश्र ईथर. त्यावरून ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना अल्काइल असतात हे पक्कं झालं. हे मी पोरांना सांगायचो, पण ते वेगाचं, बेस दुप्पट केल्याचं, कधी सांगितलं नाही. आमच्या वेळी "कॅटायन स्थिर" म्हटलं की विषय संपायचा.

सातपुडा
परीक्षेपुरतं विचारतो. मग इथिल टर्ट-ब्युटिल ईथरसाठी जोडी कोणती लिहायची? आणि अ‍ॅनिसोलच्या वेळी फिनॉक्साइडच का घ्यायचं, ब्रोमोबेन्झीन आणि मिथॉक्साइड का नाही?

अमळनेरी
जोडी उलटी करायची. टर्ट-ब्युटिल गट अल्कॉक्साइडकडे, इथिल हॅलाइडकडे. टर्ट-ब्युटॉक्साइडचा ऑक्सिजन बाहेर असतो, त्याला इथिलच्या मागे जायला अडचण कमी.

ब्रोमोबेन्झीनचं कारण निराळं. तिथे मागून यायला वाटच नाही, मागे अख्खं रिंग. अल्कीन वगैरेही होत नाही, काहीच होत नाही.

पण "जाड गट अल्कॉक्साइडकडे" हेही डोळे मिटून लावू नका. टर्ट-ब्युटॉक्साइड स्वतः जाडजूड बेस आहे. मिथिल आयोडाइडबरोबर काही भीती नाही, कारण मिथिलच्या शेजारी कार्बनच नाही, हायड्रोजन ओढून अल्कीन करणार कुठून? इथिललाही बरं चालतं. पण लांब साखळीचं प्रायमरी घ्या, १८ कार्बनचं ऑक्टाडेसिल ब्रोमाइड, तर प्रायमरी असूनही टर्ट-ब्युटॉक्साइड ८५ टक्क्यांच्या आसपास अल्कीन करतं. त्याच ब्रोमाइडवर मिथॉक्साइड टाकलं तर जवळपास सगळं ईथर.

सातपुडा
मग दोन्ही बाजूंना टर्ट-ब्युटिल हवं असेल तर?

अमळनेरी
या वाटेने नाही. उलटसुलट कसंही करा, हॅलाइड टर्शरीच राहणार.

गिरणाकाठ
आठ दिवसांनी लिहिते आहे. आधी जुनाच प्रयोग चौथाई प्रमाणात परत केला, कंडेन्सरच्या वरून नळी काढून ब्रोमीन वॉटरमध्ये बुडवली. सर म्हणाले, सोडियम-ब्रोमाइड काहीच न घालता नुसतं इथेनॉल घेऊनही करून बघ, म्हणून तेही केलं, त्याच बाथवर तितकाच वेळ. इथेनॉलवाल्या नळीचा तपकिरी रंग तसाच राहिला, दुसरीचा तीन-चार मिनिटांत गेला. बुडबुडे कशाचे ते आता डोळ्यांनी पाहिलं.

मग उलटी जोडी. ६० मिली टर्ट-ब्युटेनॉलमध्ये २.३ ग्रॅम सोडियम. बापरे, इथेनॉलमध्ये कसा सुळसुळत विरघळला होता, इथे तासभर रिफ्लक्स केला तरी तळाशी गोळ्या तशाच. दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. मग इथिल आयोडाइड १५.६ ग्रॅम, दोन तास हलकं गरम.

पाण्याने धुतल्यावर वर थर! ५.५ मिली, वजन ४.३ ग्रॅम. उत्कलन ७१-७३. हिशोबाने १०.२ हवं होतं, म्हणजे ४२ टक्के. आनंद झाला.

अमळनेरी
अभिनंदन. आता जरा पाणी ओततो. इथिल आयोडाइडचा उत्कलनबिंदू किती?

गिरणाकाठ
... ७२.

अमळनेरी
तेच. ईथर ७३, आयोडाइड ७२. थर्मामीटरने दोघांत फरक करता येणार नाही. आयोडाइड एकटं असतं तर तळाला बसलं असतं, ते पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. पण थोडंसं असेल तर ईथरमध्ये विरघळून वरच्या थरात लपतं. तुमचं वजनच बोलतंय. ५.५ मिली शुद्ध ईथरचं वजन ४.१ च्या आसपास यायला हवं, तुमचं ४.३. तांब्याची तार ज्योतीत तापवा, हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. गार झाली की थरात बुडवून परत ज्योतीत धरा.

गिरणाकाठ
केलं. फिकट हिरवी झाक आली. दोनदा केलं, दोनदा आली. आता हे धुवून काढता येईल का?

अमळनेरी
पाण्याने नाही. पुढच्या वेळी अल्कॉक्साइड थोडं जास्त ठेवा, आयोडाइड थोडं कमी, आणि दोनऐवजी चार तास द्या, म्हणजे उरणार नाही.

टीवाय_२०१६
किंवा आयोडाइडऐवजी इथिल ब्रोमाइड घ्या. ते ३८ ला उकळतं, ईथर ७३ ला, आरामात वेगळं होईल.

नाना_धुळेकर
३८ ला उकळणारी बाटली मे महिन्यात जळगावात उघडणार? इथे सावलीत ४४ असतं. बूच काढल्याबरोबर अर्धी उडेल. डिसेंबरात करा म्हणावं.

गिरणाकाठ
नाना, डिसेंबरात टर्ट-ब्युटेनॉल २५ अंशांखाली गोठतो. मागच्या थंडीत बाटली उघडली तेव्हा दगड झाला होता, गरम पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवावी लागली.

रावेरचा_केळीवाला
ताई, बादली आम्ही देऊ. केळीबी पाठवतो.